धागा: सातपट मल्टिपल, मग शेअरचा भाव ७२४ की ४००? (शिरोलीतली फाउंड्री)

उजळाईवाडीकर
नमस्कार मंडळी. शिरोली एमआयडीसीत आमच्या नात्यातली एक फाउंड्री आहे, प्रायव्हेट लिमिटेड, नाव घेत नाही. माझ्या आईच्या नावावर त्यातले ६०,००० शेअर्स आहेत, बाबांकडून आलेले. आता बाहेरची एक पार्टी अख्खी कंपनी घेतेय आणि सगळ्या भागधारकांना शेअरला ४०० रुपये देऊ म्हणतेय. त्यांनी दिलेल्या कागदावर लिहिलंय की "ईव्ही एबिटडाच्या सातपट" धरली. ताळेबंदाच्या हिशोबाने गेल्या वर्षीचा एबिटडा, म्हणजे व्याज, टॅक्स आणि घसारा जायच्या आधीचा नफा, १० कोटी ३५ लाख येतो, कंपनीचे शेअर्स १० लाख. मी गुणाकार केला, ७२ कोटी ४५ लाख, भागिले १० लाख, म्हणजे ७२४ रुपये. मग ४०० कुठून आले? काकांना विचारलं तर "कर्ज वजा होतं गं" एवढंच म्हणाले. कर्ज वजा होणार हे मलाही कळतं पण एवढं? कुणी नीट सांगेल का, पुढच्या आठवड्यात सही करायचीय.

ताराराणी_चौक
सही करू नका. बाकीचं नंतर वाचतो.

मिरजकर_९
ईव्हीमुळे फाउंड्रीवाल्यांचं अवघडच होणार आहे ताई. बॅटरीच्या गाडीला इंजिन ब्लॉक नाही, सिलिंडर हेड नाही, मग कास्टिंग घेणार कोण? मिळतायत तेवढे घ्या आणि मोकळे व्हा.

राजारामपुरी_सीए
मिरजकर, इथे ईव्ही म्हणजे एंटरप्राइज व्हॅल्यू, गाडी नव्हे :) पण तुमचा मुद्दा दुसऱ्या जागी लागू पडतो, त्याकडे येतो.

उजळाईवाडीकर ताई, सातपट एबिटडा ही शेअरची किंमत नाहीच. ती सगळ्या धंद्याची किंमत, ज्यात बँकेचा, उसने देणाऱ्यांचा आणि भागधारकांचा असा सगळ्यांचा वाटा आहे. एबिटडा हा व्याज जायच्या आधीचा आकडा, म्हणून त्याच्यावर बँकेचाही हक्क असतो. ७० लाखाचा फ्लॅट आणि त्यावर २६ लाखाचं कर्ज असेल तर फ्लॅटमालकाचे ४४, तसंच. आता कागदावर "नेट डेट आणि तत्सम" असा काही तक्ता असेल तो ओळ न ओळ इथे टाका. खरी भांडणं त्यातच असतात, मल्टिपलमध्ये कमी.

उजळाईवाडीकर
आहे तक्ता. कोटीत देते.
एबिटडा १०, गुणिले ७ = ७०
वजा मुदत कर्ज १२
वजा सीसी ९
वजा बिल डिस्काउंटिंग ४
वजा संचालकांचं असुरक्षित कर्ज ३
वजा ग्रॅच्युइटी १.५
अधिक रोख आणि एफडी ३.५
राहिले ४४. भागिले ११ लाख शेअर्स = ४००.
आता मला यात तीन गोष्टी खटकतात. एबिटडा १०.३५ चा १० कसा झाला, बँकेत रोख आणि एफडी मिळून ५ कोटी आहेत ते ३.५ कसे झाले, आणि शेअर्स १० लाखाचे ११ लाख कुठून आले?

पंचगंगाकाठ
सीसी कशाला वजा करताय? सीसी म्हणजे वर्किंग कॅपिटल, रोजच्या फिरत्या पैशासाठी. कर्ज म्हणजे फक्त मुदत कर्ज. इथेच ९ कोटी, म्हणजे शेअरमागे ८० रुपयांच्या वर खाल्ले त्यांनी. मी स्वतः बँकेत प्रोजेक्ट रिपोर्ट करायचो, टर्म लोन आणि वर्किंग कॅपिटल नेहमी वेगळंच दाखवतात.

राजारामपुरी_सीए
पंचगंगाकाठ, बँकेच्या रिपोर्टमध्ये वेगळं दाखवतात हे खरं, पण इथे उपयोग नाही. सात हा आकडा कशावरून आलाय ते बघा. लिस्टेड कंपन्या घेतल्या, त्यांच्या मार्केट कॅपमध्ये त्यांची सगळी कर्जं मिळवली, त्यात अल्पमुदतीची पण आली, रोख वजा केली आणि एबिटडाने भागलं. तिकडे सीसी मिळवून मल्टिपल काढायचा आणि इकडे वजा करायची नाही, असं चालत नाही. दोन्हीकडे माप एकच पाहिजे.

आता ताईंचे तीन प्रश्न.

पहिला, ते ३५ लाख बहुतेक एफडीचं व्याज असणार, ते "इतर उत्पन्न" मध्ये येतं. एफडी आपण खाली वेगळी मिळवतोय, तर तिचं व्याज वर सातने गुणायचं नाही. एकाच पैशाची किंमत दोनदा होते.

दुसरा, दीड कोटी बहुधा मार्जिन मनी आहे, एलसी किंवा गॅरंटीसाठी बँकेने अडकवून ठेवलेली एफडी. ती काढता येत नाही, धंदा चालवायला लागते, म्हणून खरेदीदार मोजत नाही. ठीक आहे. पण मग तिचं व्याज एबिटडातून काढायचं कारण नाही! ती धंद्याचा भाग असेल तर तिचं उत्पन्नही धंद्याचंच. दीड कोटीवर वर्षाला १० लाखाच्या आसपास व्याज, गुणिले ७ म्हणजे ७० लाख, शेअरमागे सहा-साडेसहा रुपये. त्यांनी दोन्ही बाजूंनी कापलंय. रक्कम मोठी नाही पण एवढं दाखवलंत की समोरचा सावध होतो.

तिसरा, ताळेबंदात कन्व्हर्टिबल प्रेफरन्स शेअर्स आहेत का बघा.

उजळाईवाडीकर
आहेत. २ कोटीचे, सक्तीने रूपांतर होणारे असं लिहिलंय, पाच-सहा वर्षांपूर्वी कुणीतरी गुंतवणूकदार आला होता त्याचे. त्याचे १ लाख इक्विटी होणार.

राजारामपुरी_सीए
झालं मग, ११ लाख बरोबर. सक्तीचं रूपांतर असल्यामुळे ते उद्याचे भागधारकच, आजच मोजायचे. फक्त तेच २ कोटी कर्ज म्हणून परत वर वजा केलेले नाहीत ना एवढं बघायचं असतं, तुमच्या तक्त्यात नाहीयेत. कुठेतरी एकाच जागी येऊ देत, शेअरच्या संख्येत नाहीतर कर्जात.

भट्टीवाला
मी उद्यमनगरात वीस टनाची भट्टी चालवतोय, म्हणून एक विचारतो. बिल डिस्काउंटिंगचे ४ कोटी कशातले आहेत? आमच्याकडे मोठ्या गाडीवाल्यांचं पेमेंट ९० दिवसांनी येतं, कुणी थांबणार? मग बिल ट्रेड्सवर टाकायचं, म्हणजे बिलं फायनान्सरला विकायच्या ऑनलाइन प्लॅटफॉर्मवर. तिथे गिऱ्हाइकाने पैसे बुडवले तरी फायनान्सर माझ्या मागे येऊ शकत नाही, विदाउट रिकोर्स असतं. ते माझं कर्ज नव्हे, मी माल विकला आणि येणं पण विकलं, विषय संपला. पण बँकेकडं बिल डिस्काउंट केलं आणि पार्टीनं नाही दिलं तर बँक माझ्याच खात्यातनं वळतं करते. ते कर्जच. लोक दोन्ही एकाच ओळीत टाकतात.

पुण्यात_मुक्काम
भट्टीवाला दादांशी सहमत, एक पुरवणी. विदाउट रिकोर्सवालं कर्जातून काढलं तर खरेदीदार लगेच म्हणेल की मग उद्या ट्रेड्स बंद झालं तर मला तेवढं खेळतं भांडवल घालावं लागेल. उत्तर असं द्यायचं की ट्रेड्स चालू आहे आणि चालू राहणार, आणि एबिटडाच्या खाली डिस्काउंटिंगचा खर्च दिसतोय तो... थांबा, तो खर्च फायनान्स कॉस्टमध्ये धरलाय का? एबिटडाच्या आधी धरला असेल तर ते कर्ज म्हणून वजा करणं अजिबातच बसत नाही, कारण त्याची किंमत आधीच एबिटडातून गेली. फायनान्स कॉस्टमध्ये असेल तर त्यांचा मुद्दा थोडा जड आहे.

गुजरीकर
माझे सहकारी साखर कारखान्याचे शेअर्स आहेत, वडिलांपासून. त्याला हे सातपट वगैरे लावलं तर किती येईल?

राजारामपुरी_सीए
गुजरीकर, सहकारी संस्थेत नाही लागत. तिथे सभासदत्व सोडताना भाग रकमेचा हिशोब कायद्याने आणि पोटनियमाने होतो, धंद्याची वाढलेली किंमत वाटून मिळत नाही. तुम्हाला ऊस घालण्याचा हक्क आणि साखर मिळते, ती वेगळी गोष्ट.

ताराराणी_चौक
दिवाळीची साखर सातपट मिळाली तर बघा की भावा.

पुण्यात_मुक्काम
मूळ विषयावर. सात आला कुठून, हे कुणी विचारलंच नाही. ताई, लिस्टेड कंपन्यांची यादी दिलीय का?

उजळाईवाडीकर
चार कंपन्या आहेत, मधला आकडा ११ येतोय. खाली लिहिलंय "आकारमान आणि लिक्विडिटीसाठी सुमारे ३५ टक्के सूट, म्हणून ७". किर्लोस्कर फेरस आहे त्यात, बाकी तीन कास्टिंगवाल्याच आहेत.

पुण्यात_मुक्काम
मग हे वाचा, माझ्या मते अख्ख्या कागदात हीच मोठी गोष्ट आहे.

अकरा पटीने धंद्याची किंमत ११० कोटी. त्यातून तेच २६ कोटी निव्वळ वजा, राहिले ८४, भागिले ११ लाख, ७६४ रुपये. सात पटीने ४००. म्हणजे मल्टिपलवर कापलं सुमारे ३६ टक्के, पण तुमच्या आईच्या शेअरवर कापलं गेलं जवळजवळ ४८ टक्के. कारण कर्ज हलत नाही. बँक काही सूट देत नाही, २६ कोटी दोन्ही वेळेला तेवढेच. धंद्याच्या किमतीतला प्रत्येक रुपया कमी होतो तो थेट भागधारकाच्या वाट्यातून, आणि कंपनीवर कर्ज जेवढं जास्त तेवढा हा फटका मोठा. कागदावर "३५ टक्के सूट" वाचून माणसाला वाटतं की शेअरची किंमत ३५ टक्क्यांनी कमी केली. तसं नाहीये.

आता शेअर बाजारात विकता येत नाही, ही अडचण शेअरची आहे, भट्टीची नाही. कर्ज बाजारात विकत नाही म्हणून बँकेचं काही बिघडत नाही. म्हणून लिक्विडिटीची सूट इक्विटीवर लावायला हवी, म्हणजे ८४ काढून त्यावर. तीच ३६ टक्के तिथे लावली तर साधारण ५३ कोटी ४५ लाख, शेअर ४८६ रुपये. बघा फरक, फक्त सूट कोणत्या पायरीवर लावली यावर ८६ रुपये.

राजारामपुरी_सीए
पुणेकर, मांडणी पटली पण निष्कर्ष पूर्ण पटला नाही. त्या ३५ मध्ये दोन गोष्टी मिसळल्यात. कंपनी लहान आहे, दोन गिऱ्हाइकांवर चालते, मिरजकर म्हणतात तसं इंजिनाचे पार्ट्स जास्त असतील तर पुढची वाढ कमी, हे सगळे धंद्याचेच धोके आहेत, ते मल्टिपलमध्येच यायला हवेत. लिस्टेड कंपन्यांत कुणी ट्रॅक्टर आणि पंपाचं कास्टिंग करत असेल आणि आपल्याकडे ७० टक्के इंजिन असेल तर अकरावरून खाली यावंच लागेल. लिक्विडिटीचा भाग तेवढा इक्विटीवर. आणि दुसरं, इथे पार्टी अख्खी कंपनी घेतेय. पूर्ण ताबा घेणाऱ्याला शेअर बाजारात विकता येत नाही याचं दुःख किती असणार? मग लिक्विडिटीची सूट कशाला, हे विचारायला हवं. त्यांना दोन आकडे वेगळे सांगायला लावा, आकारमानासाठी किती, लिक्विडिटीसाठी किती. सांगता येणार नाही बहुतेक.

पुण्यात_मुक्काम
ताब्याचा मुद्दा मान्य. पण उलटही बोलतात ना, की लिस्टेड भाव हा छोट्या वाटेकऱ्याचा भाव असतो, ताब्यासाठी उलट जास्त द्यायला हवं. तो वाद इथे सुटणार नाही.

किर्लोस्कर फेरसबद्दल एक सांगतो, तुलना करताना लोक इथे फसतात. २०२२ मध्ये त्यांनी आयएसएमटीचा निम्म्याहून थोडा जास्त हिस्सा घेतला. त्यानंतरच्या एकत्रित हिशोबात आयएसएमटीचा सगळाच एबिटडा येतो, शंभर टक्के, पण किर्लोस्कर फेरसच्या मार्केट कॅपमध्ये फक्त तिच्या हिश्शाची किंमत असते. उरलेल्या भागधारकांचा वाटा ईव्हीमध्ये मिळवला नाही तर मल्टिपल उगाच स्वस्त दिसतो. आणि तो वाटा ताळेबंदातल्या आकड्याने नाही, बाजारभावाने मिळवायला हवा, कारण आयएसएमटी स्वतः लिस्टेड होती. आता ती विलीन झालीय, त्यामुळे ताज्या हिशोबात ही अडचण नाही, पण ताईंच्या कागदावर कोणत्या वर्षाचे आकडे आहेत बघा. शिवाय तिचा पिग आयर्नचा धंदा मोठा आहे, त्यात मार्जिन लोखंडाच्या भावाबरोबर वरखाली होतं. वाईट वर्षाचा एबिटडा धरला तर मल्टिपल फुगतो, चांगल्या वर्षाचा धरला तर बारीक दिसतो. तिला यादीत ठेवावं पण तिच्यावर सगळी भिस्त नको.

मिरजकर_९
म्हणजे मी बरोबरच होतो थोडा :)

उजळाईवाडीकर
सगळ्यांचे आभार, काल रात्री बसून कागद काढले. काकांच्या ऑफिसमधल्या अकाउंटंट दादांनी मदत केली.
१. बिल डिस्काउंटिंगमध्ये अडीच कोटी ट्रेड्सचे, दीड कोटी बँकेचे.
२. डिस्काउंटिंगचा खर्च सगळा फायनान्स कॉस्टमध्येच आहे.
३. ग्रॅच्युइटीची देणी २ कोटी, फंड काही केलेला नाही, टॅक्सची बचत धरून दीड लावलेत, ते मला पटलं.
४. संचालकांचं ३ कोटी म्हणजे काकांनी घातलेले. त्यांना ते पूर्ण परत मिळणार आणि आम्हाला ते वजा होणार, हे मला अजून पचत नाही.
५. एक गोष्ट तक्त्यात नाहीच! कागल फाइव्ह स्टार एमआयडीसीत मोकळा प्लॉट आहे, विस्तारासाठी घेतला होता, काहीच बांधलेलं नाही. बाजारात ४ कोटी म्हणतात.

राजारामपुरी_सीए
पाच नंबर! प्लॉटवरून एक रुपयाचा एबिटडा येत नाही, म्हणजे सातपटीत त्याची किंमत शून्य धरली गेलीय. धंद्याला न लागणारी मालमत्ता वेगळी मिळवायची असते. ४ कोटी धरले तर ४८ कोटी भागिले ११ लाख, ४३६ रुपये. आईचे ६०,००० शेअर्स म्हणजे २१-२२ लाखाचा फरक, नुसत्या या एका ओळीचा.

चार नंबरबद्दल, काकांनी खरंच पैसे घातले आणि कंपनीने वापरले असतील तर ते बँकेसारखेच. त्यात तुमच्यावर अन्याय नाही. त्या पैशावर कंपनीत मशिन आली असेल, त्याचा एबिटडा तुमच्याही वाट्यात आलाय.

भट्टीवाला
थांबा थांबा, ४ कोटी सरळ मिळवू नका. एमआयडीसीचा प्लॉट आपल्या मालकीचा नसतो, ९५ वर्षांच्या लीजवर असतो. नावावर करायला परवानगी लागते, ट्रान्सफर फी लागते, आणि ठरलेल्या मुदतीत बांधकाम केलं नाही तर एमआयडीसी नोटीस काढते. मुदतवाढीचे पण पैसे. अकाउंटंटला विचारा मुदत संपलीय का. शिल्लक असेल तरी फी आणि टॅक्स जाऊन हातात किती ते बघायला पाहिजे. माझ्या शेजाऱ्याचा मोकळा प्लॉट दोन वर्षं अडकला होता ह्याच भानगडीत.

राजारामपुरी_सीए
बरोबर बोललात. पण इथे प्लॉट कंपनीच्याच नावावर राहतोय, शेअर्स विकले जातायत, त्यामुळे प्लॉट विकण्याचा टॅक्स लगेच येत नाही. ट्रान्सफर फी मात्र शेअरहोल्डिंग बदललं तरी मागू शकतात, लीजची अट वाचायला हवी. म्हणून पूर्ण ४ नाही आणि शून्य पण नाही.

पंचगंगाकाठ
सीसीचं मान्य केलं मी. पण ९ कोटी हा ३१ मार्चचा आकडा ना? मार्च एंडला सगळेच सीसी खाली आणतात, गिऱ्हाइकांकडून खेचून आणतात पैसे आणि वाळूवाल्याला, भंगारवाल्याला एप्रिलपर्यंत थांबवतात. बँकेत होतो म्हणून माहीत आहे. वर्षभराची सरासरी काढा.

पुण्यात_मुक्काम
हा उत्तम मुद्दा, पण दुधारी आहे. सरासरी जास्त निघाली तर खरेदीदार म्हणेल अजून वजा करा.

उजळाईवाडीकर
काढली सरासरी, ११ कोटीच्या आसपास येतेय :( म्हणजे २ कोटी अजून, शेअरमागे १८ रुपये.

राजारामपुरी_सीए
त्यांनी अजून विचारलं नसेल तरी ते ड्यू डिलिजन्समध्ये विचारणारच. लपवू नका, एक मागा. करारात नॉर्मल खेळतं भांडवल किती ते आधी ठरवायचं आणि ताबा देण्याच्या दिवशी त्यापेक्षा कमी-जास्त असेल तेवढं किमतीत वळतं करायचं. मार्चला पुरवठादार थकवून सीसी ९ वर आणली असेल तर खेळतं भांडवल तितकंच कमी दिसेल, दोन्ही एकत्र बघितलं की कुणी कुणाला फसवू शकत नाही. ट्रेड्सचे अडीच कोटी पण त्याच टेबलावर ठेवा. कर्ज म्हणून वजा करत असाल तर ती बिलं येण्यात मोजा म्हणावं, एकाच वेळी वजा पण करायचं आणि येणं पण कमी धरायचं असं नको. कर्जातून निघाले तर शेअरमागे २२-२३ रुपये.

उजळाईवाडीकर
म्हणजे आता माझ्या बाजूने मार्जिन मनीचं व्याज ६, ट्रेड्स २२, प्लॉट ३६ पेक्षा कमी पण काहीतरी. विरुद्ध बाजूने सीसी १८. मल्टिपलचं वेगळंच. मग ४०० बरोबर आहे की नाही?

पुण्यात_मुक्काम
सात पट मान्य केली तर ४२५-४४० च्या दरम्यान बोलता येईल असं मला वाटतं, प्लॉटवर अवलंबून. सात मान्य नसेल, आठ म्हटलं तर धंद्यात १० कोटी वाढतात आणि ते सगळे भागधारकांचेच, शेअरमागे ९१ रुपये. म्हणून मी तुमच्या जागी असतो तर आधी सात का, यावरच बसलो असतो. बाकीच्या ओळी नंतर.

राजारामपुरी_सीए
मी उलट करीन. मल्टिपलवर प्रत्येकाचं मत असतं, त्यात ६०,००० शेअर्सवालीचं कोण ऐकणार? प्लॉट आणि ट्रेड्स कागदाने सिद्ध होतात. ते आधी.

भट्टीवाला
ताई, इंजिनाचे पार्ट्स किती टक्के आणि बाकी किती, हे पण अकाउंटंटला विचारा. पंपाचं आणि व्हॉल्व्हचं काम जास्त असलं तर सात ऐकूनच घेऊ नका.

उजळाईवाडीकर
विचारते. सही पुढच्या आठवड्यातली तूर्त थांबवली आहे, काकांनाच सांगितलं की लीजचा कागद आणि त्या ३५ टक्क्यांची फोड मिळाल्याशिवाय नाही. काका म्हणाले प्लॉटची गोष्ट त्यांच्याही लक्षात आली नव्हती, त्यांचे स्वतःचे दोन लाखाच्या वर शेअर्स आहेत.

ताराराणी_चौक
आत्ता वाचला सगळा धागा. आता काकाच भांडतील बघा.